कमी दिवसांच्या बाळाचं रक्त संपतं कुठे? नवजात विभागातल्या सहकाऱ्यांना खुलं पत्र

मुंबईतल्या प्रसूतिगृहांत आणि नवजात अतिदक्षता विभागांत काम करणाऱ्या निवासी डॉक्टरांना आणि सिस्टर्सना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र एका डिस्चार्ज कार्डामुळे लिहिते आहे. गोवंडीहून एक आजी नातवाला घेऊन ओपीडीत आल्या होत्या. भर पावसात आल्यामुळे कार्ड दुधाच्या पिशवीत गुंडाळून आणलं होतं. बाळ चार महिन्यांचं, वजन ४ किलो, गुटगुटीत नाही पण नीट वाढलेलं. फक्त तळवे आणि ओठ पांढरे. हिमोग्लोबिन निघालं ६.९. कार्डावर लोहाबद्दल एकच ओळ होती: 'आयर्न ड्रॉप्स अर्धा मिली रोज'. ते कार्ड आमच्याच विभागातलं होतं आणि त्यावर माझी सही होती.

हेच बाळ जन्मानंतर तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे होतं तेव्हाही त्याचं हिमोग्लोबिन उतरलं होतं. तेव्हा आम्ही रोज सकाळी त्यावर चर्चा करत होतो, वाद घालत होतो. घरी पाठवल्यावर मात्र आमचं लक्ष सुटलं. कमी दिवसांच्या बाळाचं रक्त दोनदा उतरतं आणि दोन्ही वेळची कारणं वेगळी असतात. पहिल्या वेळी लोह दिल्यानं ते वर येत नाही. दुसऱ्या वेळी रक्ताची पिशवी लावून मूळ दुखणं जात नाही. दोन्हींना आपण 'ॲनिमिया ऑफ प्रीमॅच्युरिटी' असं एकच नाव देतो आणि तिथेच गडबड सुरू होते. म्हणून या बाळाचा हिशोब पहिल्या दिवसापासून मांडते.

बाळ २८ आठवड्यांचं, वजन १००० ग्रॅम. एवढ्या बाळाच्या अंगात साधारण ९० मिली रक्त असतं. आपल्या नाक्यावरच्या टपरीवर कटिंग मागितलं तर हातात येतो जवळपास तेवढाच चहा. जन्मतः हिमोग्लोबिन १६ होतं. म्हणजे पूर्ण अंगात मिळून १४ ग्रॅमच्या आसपास हिमोग्लोबिन. एका ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं, तेव्हा रक्तातलं लोह झालं सुमारे ४९ मिलिग्रॅम. यकृतात आणखी थोडं साठवलेलं असतं, पण थोडंच. आईकडून वारेतून बाळाकडे जाणाऱ्या लोहाचा फार मोठा भाग शेवटच्या तीन महिन्यांत जातो आणि हे बाळ ते तीन महिने सुरू होतानाच बाहेर आलं. किलोमागे मोजलं तर त्याच्याकडचं लोह पूर्ण दिवसांच्या बाळापेक्षा फार कमी भरत नाही. अडचण अशी की त्याला पुढे तिप्पट-चौपट वाढायचं आहे आणि शिदोरी एका किलोचीच आहे.

प्रसूतीच्या वेळी नाळ लगेच कापली गेली. बाळ रडलं नव्हतं, सगळे घाईत होते, मीही त्या खोलीत होते. एक मिनिट थांबलो असतो तर वारेतलं १० ते १५ मिली रक्त बाळात उतरलं असतं. पुढे नवव्या दिवशी आम्ही त्याला रक्तपेढीतून मागवून जेवढं रक्त चढवलं, जवळपास तेवढंच. तेही त्याचं स्वतःचं, कसलीही जुळवणी न करता. बाळाला तातडीनं श्वास द्यायची गरज असेल तर थांबता येत नाही हे मान्य आहे. पण बाकीच्या बाळांसाठी निदान ३० सेकंद आणि जमल्यास पूर्ण ६० सेकंद, घड्याळ लावून मोजा. बाळाला स्वच्छ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आईच्या मांड्यांजवळ धरलं तर ते गार पडत नाही. थांबायला वेळ नाही म्हणून नाळ पिळून रक्त बाळाकडे ढकलायची पद्धत काही ठिकाणी आहे. २८ आठवड्यांच्या आतल्या बाळांत ती करू नका. त्या वयोगटात नाळ पिळलेल्या बाळांच्या मेंदूत गंभीर रक्तस्राव जास्त दिसला आणि त्या कारणानं एक मोठी चाचणी त्या गटापुरती मध्येच थांबवावी लागली होती.

मग सुरू झाल्या तपासण्या. पहिल्याच दिवशी सीबीसी, कल्चर, रक्तगट. पुढे रोज ब्लड गॅस, एक दिवसाआड इलेक्ट्रोलाइट, कावीळ, सीआरपी. एकेका नळीत अर्धा मिली, कल्चरला एक मिली. नळी भरताना थोडं जास्त घेतलं जातं, सुई काढताना कापसात थोडं जातं. पहिल्या चौदा दिवसांचा आकडा नंतर मी स्वतः फाइलमधून बेरीज करून काढला: २४ मिली. ९० मधले २४. तुमच्या-माझ्या अंगात पाच लिटर रक्त धरलं तर दोन आठवड्यांत एक लिटर ३०० मिली काढून घेण्यासारखं हे झालं. त्याबरोबर सुमारे ११ मिलिग्रॅम लोहही गेलं. पहिल्या काही आठवड्यांत या बाळांचं रक्त कमी होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं आणि ते पूर्णपणे आपल्या हातात असतं. आमच्या विभागात आता प्रत्येक काचपेटीला एक कागद लटकवलेला असतो. रक्त काढणारा त्यावर मिली लिहितो आणि रात्रपाळीच्या सिस्टर बेरीज करतात. हा कागद सुरू झाल्यापासून 'उद्या परत एकदा सीआरपी बघू' हे वाक्य राउंडमध्ये कमी ऐकू येतं. शिवाय जन्मानंतरच्या पहिल्या तपासण्या बाळाला न टोचता वारेच्या बाजूला उरलेल्या रक्तातून करता येतात.

गेलेलं रक्त शरीर भरून का काढत नाही, हा प्रश्न निवासी डॉक्टर दरवर्षी विचारतात. रक्त बनवण्याचा निरोप अस्थिमज्जेला एरिथ्रोपोएटिन हा हार्मोन देतो. मोठ्यांत तो मूत्रपिंडात बनतो, गर्भात मुख्यतः यकृतात. ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंड लगेच जागं होतं. यकृत तेवढं हळवं नसतं, कारण पोटातल्या बाळाला कमी ऑक्सिजनातच राहायचं असतं. २८ आठवड्यांत जन्मलेल्या बाळात ही जबाबदारी अजून मूत्रपिंडाकडे पुरती आलेली नसते. त्यामुळे हिमोग्लोबिन ९ वर आलं तरी निरोप क्षीणच जातो. त्यातच या बाळाची लाल पेशी ३५ ते ५० दिवसच जगते, आपली १२० दिवस. एकीकडे पेशी लवकर मरतात, दुसरीकडे नव्या येत नाहीत. म्हणून चौथ्या ते सहाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन तळाला जातं. दीड किलोच्या आतल्या बाळात ते ८ ते १० पर्यंत आणि एक किलोच्या आतल्यात ७ ते ८ पर्यंतही उतरतं. या काळात स्लाइड बघितली तर पेशींचा आकार आणि रंग नेहमीसारखाच दिसतो, फक्त रेटिक्युलोसाइट कमी असतात. लोह शिल्लक असतं, कारागीर झोपलेला असतो. अशा वेळी लोहाचा डोस वाढवून हिमोग्लोबिन चढेल अशी वाट बघणारे मी पाहिले आहेत. ते चढत नाही.

मग रक्त कधी चढवायचं? आमच्या पिढीला शिकवलं होतं की बाळ पांढरं दिसलं, वजन वाढत नसलं, की पिशवी मागवा. २०२० मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. अमेरिकेतल्या टॉप चाचणीत एक किलोच्या आतली आणि २२ ते २८ आठवड्यांची १८२४ बाळं होती. अर्ध्या बाळांना वरच्या आकड्यावरच रक्त दिलं, अर्ध्यांना हिमोग्लोबिन आणखी उतरेपर्यंत थांबून. दोन वर्षांच्या सुमारास पाहिलं तर दगावलेली किंवा मेंदूच्या वाढीत अडचण राहिलेली बाळं एका गटात ५०.१ टक्के, दुसऱ्यात ४९.८. युरोपातल्या एट्नो चाचणीतही असंच निघालं. थांबल्यामुळे बाळांचं नुकसान झालं नाही. त्यावरून आता जे आकडे वापरतात ते असे: पहिल्या आठवड्यात श्वासाला आधार असेल तर ११, नसेल तर १०. दुसऱ्या आठवड्यात १० आणि ८.५. तिसऱ्या आठवड्यापासून पुढे ८.५ आणि ७. आधार म्हणजे व्हेंटिलेटर, सीपॅप, हाय फ्लो किंवा बराच ऑक्सिजन. हे आकडे खोलीतल्या भिंतीवर लावा, कारण पहाटे तीन वाजता आठवत नाहीत.

मात्र एक गोष्ट विसरू नका. या चाचण्यांनी थांबण्याची परवानगी दिली ती या आकड्यांपर्यंतच. ७ च्याही खाली बाळ छान दिसतंय म्हणून थांबावं, असं त्यांतून निघत नाही, कारण तितकं खाली कोणी जाऊ दिलंच नव्हतं.

आता आपल्या बाळाकडे. नवव्या दिवशी ते सीपॅपवर होतं, हिमोग्लोबिन ९.६. दुसरा आठवडा, श्वासाला आधार, आकडा १०. रक्त लागणारच होतं. किलोला १५ मिली, तीन-चार तासांत, हळू. बाळाचे वडील बाही वर करून दारात उभे होते. "मॅडम, माझंच घ्या ना, बाहेरचं कशाला?" असं जवळजवळ प्रत्येक बाप म्हणतो आणि त्याला नाही म्हणताना वाईट वाटतं. पण जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बाळाचं शरीर परकं मानत नाही आणि त्या पेशी मात्र बाळावरच हल्ला करू शकतात. ते दुखणं बहुधा जीवघेणं ठरतं. म्हणून नात्यातलं रक्त वापरायचंच झालं तर ते किरणोत्सर्गातून काढल्याशिवाय अजिबात लावायचं नाही. वडिलांना हे समजावून सांगा, आणि रक्तपेढीत जाऊन दुसऱ्या कोणा बाळासाठी रक्त देऊ शकता हेही सांगा. त्यांनी दिलं. रक्तपेढीकडून एकाच दात्याची पिशवी छोट्या पिशव्यांत विभागून मागितली, तर पुढे परत गरज पडल्यावर त्याच दात्याचं रक्त मिळतं आणि बाळाला नव्या माणसाच्या रक्ताला सामोरं जावं लागत नाही.

त्या १५ मिलीतून बाळाला सुमारे १० मिलिग्रॅम लोहही मिळालं. हे लक्षात ठेवायला हवं. चार-पाच वेळा रक्त चढलेल्या बाळात लोह जास्त होऊ शकतं आणि तिथे थेंब सुरू करण्याआधी फेरिटिन बघणं शहाणपणाचं. ३५ च्या खाली असेल तर लोह कमी, ३०० च्या वर असेल तर थेंब थांबवा.

चोविसाव्या दिवशी हिमोग्लोबिन ८.१. सीपॅप निघालं होतं, ऑक्सिजन नव्हता, वजन ११८० ग्रॅम. नवा निवासी डॉक्टर पिशवीचा अर्ज भरूनच राउंडला आला होता. त्याला विचारलं, वजन किती वाढतंय? दिवसाला किलोमागे १८ ग्रॅम. हृदयाचे ठोके? १५०. श्वास थांबण्याचे प्रसंग वाढले का? नाही. दूध पचतंय? हो. आधाराशिवाय चौथ्या आठवड्याचा आकडा ७, आपण ८.१ वर. अर्ज परत गेला. हीच लक्षणं उलटी असती, म्हणजे शांत झोपेतही ठोके १८० च्या वर, पूर्ण दूध पिऊनही वजन जागच्या जागी, श्वास थांबणं पुन्हा सुरू, तर आधी जंतुसंसर्ग आहे का ते शोधलं असतं. कारण या प्रत्येक लक्षणाला रक्त कमी असणं हे एकच कारण नसतं आणि पिशवी लावून बरं वाटलं म्हणून सेप्सिस निसटलेली बाळं मला आठवतात. चाळिसाव्या दिवशी हिमोग्लोबिन ७.६ होतं, पण रेटिक्युलोसाइट ५ टक्क्यांवर गेले होते. कारागीर जागा झाला होता. पिशवीची गरज उरली नाही. ३६ आठवडे भरले तेव्हा वजन १७०० ग्रॅम, हिमोग्लोबिन ८.४. बाळ घरी गेलं.

पहिली उतरंड संपली होती. आम्हाला वाटलं, रक्ताचा प्रश्न संपला.

खरं तर त्या दिवसापासून लोहाचा प्रश्न सुरू होतो. मज्जा जागी झाली की ती झपाट्यानं रक्त बनवायला लागते आणि बाळ झपाट्यानं वाढायला लागतं. ४ किलोच्या बाळात हिमोग्लोबिन ११ ठेवायचं तर नुसत्या रक्तासाठी जवळपास १२० मिलिग्रॅम लोह लागतं. आपल्या बाळाकडे किती होतं? जन्माचे ४९, तपासण्यांत गेले ११, पिशवीतून आले १०. म्हणजे ४८. आईच्या दुधात एका लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी लोह असतं. ते छान शोषलं जातं, पण चार महिन्यांत त्यातून जेमतेम १० मिलिग्रॅम हाती लागतं. यकृतातलं किडुकमिडुक धरलं तरी ५० मिलिग्रॅमच्या आसपास तूट राहतेच. आईचं दूध कमी पडतं असा याचा अर्थ कोणी काढू नका. पूर्ण दिवसांचं बाळ सहा महिने पुरेल एवढा साठा पोटातूनच घेऊन येतं, म्हणून दुधात लोह जास्त असायची गरजच नसते. या बाळाला तो साठा मिळाला नाही आणि तो थेंबांनीच भरावा लागतो.

थेंब सुरू केलेले होते. चूक डोसमध्ये झाली. आम्ही दिलेल्या औषधाच्या एका मिलीत १० मिलिग्रॅम लोह होतं, म्हणजे अर्ध्या मिलीत ५. १७०० ग्रॅमच्या बाळाला किलोमागे ३ मिलिग्रॅम, अगदी बरोबर. तीच अर्धी मिली ४ किलोच्या बाळाला किलोमागे सव्वा मिलिग्रॅम. बाळ दुपटीहून वाढलं आणि कार्डावरचा आकडा तिथेच बसून राहिला. त्यात शी काळी होते म्हणून आणि लोह उष्ण पडतं असं शेजारणीनं सांगितल्यामुळे आजींनी मधले तीन आठवडे बाटली कपाटात ठेवली होती. त्यांचं काय चुकलं? शी काळी होणार हे आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं.

या वेळची स्लाइड वेगळी होती. पेशी लहान आणि फिकट, फेरिटिन ८. बाळ हसत होतं, दूध ओढून पीत होतं, यकृत वाढलेलं नव्हतं. म्हणून ६.९ असूनही पिशवी लावली नाही. नवजात विभागातला तो ७ चा आकडा इथे लागू नाही, कारण हे हळूहळू उतरलेलं रक्त होतं, मज्जा तयार होती आणि तिला फक्त कच्चा माल हवा होता. दोन दिवस वॉर्डात ठेवून नजर ठेवली. किलोमागे ५ मिलिग्रॅम लोह सुरू केलं. आठव्या दिवशी रेटिक्युलोसाइट वाढले, चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन ९.३.

तेव्हा सहकाऱ्यांनो, कार्डाबद्दल माझी विनंती अशी. लोहाची ओळ मिलीत लिहून थांबू नका. औषधाचं नाव, एका मिलीत लोह किती, आणि किलोमागे किती मिलिग्रॅम हवं हे तिन्ही लिहा. नाक्यावरच्या केमिस्टकडे ती बाटली नसली की तो दुसरी देतो आणि काही बाटल्यांत एका मिलीत अडीचपट लोह असतं. आईच्या दुधावरच्या बाळाला दोन आठवड्यांचं झाल्यापासून किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम रोज, आणि ते निदान सहा महिने. बाटली कधी बंद करायची हे घरच्यांनी ठरवायचं नाही, तुम्ही तारीख लिहायची. शेवटचं हिमोग्लोबिन, रेटिक्युलोसाइट आणि शेवटची पिशवी कधी लागली ते लिहा, म्हणजे पुढचा डॉक्टर अंधारात राहणार नाही. दर लसीकरणाला वजन होतंच, त्याच वेळी डोस नव्यानं काढून कार्डावर लिहायला सांगा. आणि मराठीत, जाड अक्षरांत, आजीला वाचता येईल असं एक वाक्य: शी काळी होईल, घाबरू नका, थेंब बंद करू नका.

आमच्या विभागातलं नवं कार्ड छापून आलं आहे. कोणाला नमुना हवा असेल तर येऊन घेऊन जा.

आपली सहकारी,
मुंबईतली एक नवजातशिशुतज्ज्ञ